मनगटावरची सवत

मिरजेच्या त्या तीन मजली अपार्टमेंटमध्ये कुणाला एकादशी कधी, हे हवं असलं की दुसऱ्या मजल्यावर आरवाड्यांचं दार वाजायचं. दार उघडायच्या वत्सलाकाकू, आणि उत्तर लगेच कधीच मिळायचं नाही. आधी भुवया वर जायच्या, मग डोळे मिटायचे, बोटांच्या पेरांवरून अंगठा फिरायचा, आणि जणू बँकेच्या तिजोरीतून काढून दिल्यासारखं काकू म्हणायच्या, "बुधवारी. पण आवर्जून सांग हं तुझ्या सासूला, द्वादशीला उपास लवकर सोडायचा आहे." वास्तविक कॅलेंडर प्रत्येकाच्या स्वयंपाकघरात होतं. पण कॅलेंडर टोमणा मारत नाही, त्यामुळे त्यावर कुणाचा विश्वास बसत नसावा.

सर्वांत जुनं गिऱ्हाईक घरातच होतं. रघुनाथराव आरवाडे, पाणीपुरवठ्यातून निवृत्त. रोज सकाळी चहाची पहिली फुर्र झाली की विचारायचे, "आज काय गं?"

"एवढं पण डोक्यात राहत नाही होय? चाळीस वर्षं झाली. सप्तमी."

"असं असं," रघुनाथराव म्हणायचे. त्यांचं प्रत्येक वाक्य 'असं असं'नं सुरू व्हायचं, आणि पुष्कळदा तिथंच संपायचं. मग वत्सलाकाकू पुढचं सांगायच्या: परवा नवमी, शुक्रवारी जिवती, पुरणाला डाळ आणा, जाड आणू नका मागच्यासारखी. दिवसभरातलं नवराबायकोचं निम्मं बोलणं त्या एका प्रश्नातून निघायचं.

आषाढात डब्लिनहून मुलगा आला, प्रसन्न. येताना बाबांना स्मार्टवॉच घेऊन आला. चहाच्या टेबलावर डबा उघडला, पट्टा बांधला आणि समजावायला बसला. प्रसन्न समजावताना दर वाक्याला "ओके?" म्हणतो.

"बाबा, तिथीचं ॲप फोनवर आहे, ओके? घड्याळ फोनकडून माहिती घेतं. भाषा मराठी केली. गाव मिरज टाकलं. खाली माझं डब्लिन पण ठेवलंय, पण टिक मिरजेवरच राहू दे, ओके? आणि महिना अमावास्येला संपणारा ठेवलाय. नाहीतर आपल्या वद्य पक्षात ते उत्तरेकडचा पुढचा महिना दाखवत बसेल."

"असं असं," रघुनाथराव म्हणाले, आणि या वेळी तिथंच न थांबता आणखीही काही बोलले. "म्हणजे हिला विचारायला नको."

घड्याळाच्या काळ्या तोंडावर वर वेळ होती. खाली बारीक अक्षरात 'आषाढ शु. १३', त्याच्याखाली पुढचा सण. सणाच्या आदल्या संध्याकाळी ते मनगटावर थरथरायचं, आणि संकष्टीला चंद्र उगवला की पुन्हा थरथरायचं.

दुसऱ्या दिवशी चहाची फुर्र झाली. वत्सलाकाकू गाळणी हातात घेऊन थांबल्या. रघुनाथरावांनी मनगट वर केलं, मान तिरकी केली, आणि म्हणाले, "चतुर्दशी." कुणी विचारलं नव्हतं.

तिथून पुढं काकूंच्या पोटात जे काही शिरलं, ते ओव्यानं जाण्यासारखं नव्हतं.

रघुनाथराव अर्ध्या बाह्यांचा शर्ट घालायचे. तरीही कुणी तिथी विचारली की आधी नसलेली बाही मागं सारायचे, मग मनगट डोळ्यांसमोर आणायचे, मग लांब धरायचे. खालची जयश्री पाटोळे जिन्यात भेटली की मुद्दाम विचारायची, "काका, नागपंचमी कधी हो?" आणि वर काकूंच्या दाराकडं बघून, "काकूंना कशाला त्रास द्यायचा, नाही का?"

एका शुक्रवारच्या आदल्या संध्याकाळी तर कहर झाला. काकू भाजी निवडत होत्या. रघुनाथराव मनगटाला कान लावल्यासारखं करत म्हणाले, "अगं, उद्या जिवती आहे बरं का."

"मला सांगताय?"

"असं असं... म्हणजे थरथरलं ते."

"जिवतीची पूजा बायका करतात. त्याला कशाला थरथरायला पाहिजे? पोरंबाळं आहेत काय त्याला?"

रघुनाथराव हसले, आणि त्याच हाताच्या बोटानं घड्याळाची काच पुसली. ते पुसणं काकूंनी पाहिलं. लग्नात घेतलेल्या अंगठीलासुद्धा या माणसानं कधी असं बोट लावलं नव्हतं.

मग स्वयंपाकघरातलं कॅलेंडर निघालं. खिळा रिकामा झाला म्हणून त्यावर रघुनाथरावांनी गाळणी अडकवली. रात्री घड्याळ चार्जिंगला लागायचं ते देव्हाऱ्याच्या शेजारच्या फळीवर, खाली स्वच्छ रुमाल. जयश्री हळदीकुंकवाला आली, फळीकडं बघून म्हणाली, "काकू, सवतीला देवाशेजारी जागा दिली की तुम्ही."

"सवत परवडली," काकू म्हणाल्या. "निदान भांडी घासायला तरी उपयोगी पडली असती."

सगळ्यांबरोबर काकूपण हसल्या. पण मग त्यांनी एक परीक्षा घेतली. आठवडाभर तिथीचं नावच काढायचं नाही, बघू यांना चुकल्यासारखं वाटतं का. आठवडा गेला. रघुनाथराव मजेत होते. उलट म्हणाले, "हल्ली घर कसं शांत वाटतंय, नाही?"

नारळी पौर्णिमा झाली, आणि दुसऱ्या दिवशी रघुनाथराव आंघोळीला गेले असताना काकूंनी त्यांचा फोन उचलला. ॲप उघडलं. गावांची नावं दोनच होती, एकाखाली एक. काकूंनी मिरजेवरची टिक डब्लिनवर नेली. फोन होता तसा उपडा ठेवला आणि त्या पोहे परतायला गेल्या. आता उद्या काहीतरी भलतंच सांगेल, चारचौघांत तोंडघशी पडेल, आणि हे मुकाट्यानं पुन्हा आपल्याकडं येतील.

दुसऱ्या दिवशी रघुनाथरावांनी बाही सारली. "द्वितीया."

द्वितीयाच होती. काकूंनी दुपारी डब्लिनला परतलेल्या मुलाला फोन लावला.

"का रे, तुझ्याकडं आज तिथी काय?"

"द्वितीयाच की. आई, सूर्य-चंद्रातलं अंतर बारा अंशांनी वाढलं की तिथी बदलते, ती सगळ्या जगात एकाच क्षणी, ओके? फक्त दिवसाला नाव देताना आपापल्या गावच्या सूर्योदयाला जी असेल ती घेतात. आमचा सूर्य तुमच्यानंतर उगवतो, म्हणून कधीतरी आमच्याकडं एक पुढची येते. रोज नाही. का गं?"

"काही नाही. सहज."

म्हणजे ही सटवी दोन्ही गावांत खरीच. काकूंना रडू यायचं तेवढं बाकी होतं.

आणि तिसऱ्या दिवशी संकष्टी आली. सकाळीच रघुनाथराव जिन्यात जयश्रीला सांगत होते, "तिथी तृतीया दाखवतंय, पण संकष्टी आजच. दुपारनंतर चतुर्थी लागते, आणि चंद्र उगवताना चतुर्थी असली पाहिजे. खाली लिहिलंय बघ, संकष्टी." जयश्री म्हणाली, "काका, तुम्ही आता पंचांगकर्तेच झालात."

दिवसभर रघुनाथरावांनी एक केळ आणि ताकावर काढलं. त्यांची डायबेटिसची गोळी रात्रीच्या जेवणाबरोबर घ्यायची. काकूंनी मोदक वळले, वरणभाताचा कुकर लावला, दुर्वा निवडल्या. बाहेर आभाळ नुसतं गिलावा केल्यासारखं होतं.

आठ वाजून गेले. रघुनाथराव गॅलरीत खुर्ची टाकून बसले, डावा हात मांडीवर उताणा, एखाद्या आजाऱ्याचा धरावा तसा उजव्या हातानं धरलेला.

नवाच्या आत खालच्या मजल्यावर घंटा वाजली. मग शेजारी. मग समोरच्या बिल्डिंगमध्ये कुणीतरी आरतीत वरचा सूर लावला आणि त्याला तो सापडला नाही.

"अहो, पानं घेऊ?"

"थांब. वाजू दे."

"जयश्रीकडं आरती झाली."

"तिला घाई असते."

"समोर पण झाली. चंद्र वर आला असणार, ढगात दिसत नाही एवढंच."

"असं असं. पण हे वाजलं नाही."

काकू उंबऱ्यात उभ्या राहिल्या. चाळीस वर्षं हा माणूस त्यांच्या 'चला हो, उगवला' एवढ्या शब्दांवर उठून देवापुढं बसला होता. आज आख्खी गल्ली घंटा बडवतेय, बायको सांगतेय, आणि हा मनगट धरून बसलाय. बसा. बसा तिच्याच नावानं उपाशी. त्या आत गेल्या, झाकलेलं भांडं उघडून पुन्हा झाकलं.

परत आल्या तेव्हा रघुनाथरावांनी मान मागं टेकली होती. कपाळ ओलं दिसत होतं.

"पाणी दे गं जरा," ते म्हणाले. आवाज बारीक झाला होता.

काकूंनी पाणी आणलं नाही. गुळाचा खडा आणला आणि सरळ त्यांच्या तोंडाला लावला.

"अगं, चंद्र..."

"गिळा. ते वाजायचं नाही. मध्यरात्र उलटली की वाजेल. मी त्याला डब्लिनला पाठवलंय."

रघुनाथराव गूळ गालात धरून बघत राहिले. "कुणाला?"

"तुमच्या तिला. मिरजेवरची टिक काढून तिकडं नेली. घड्याळ इथलं आणि चंद्र तिथला. उठा आता, हात धरा माझा."

ते उठले नाहीत. गूळ चघळत बसले. जरा वेळानं चेहऱ्याचा रंग परत आला, तसे म्हणाले, "का पण?"

"तुम्ही विचारायचं बंद केलंत."

"तूच म्हणायचीस की, एवढं पण डोक्यात राहत नाही होय. रोज. चाळीस वर्षं." त्यांनी काकूंचा सूर इतका हुबेहूब काढला, की काकू चमकल्या. "मला वाटलं, कटकट मिटली तुझी."

"मी कटकट मिटवा म्हणून सांगितलं होतं?"

"नव्हतं सांगितलं."

"मग?"

रघुनाथराव काकूंचा हात धरून उठले. दोघं आत गेले. ढगाकडं बघून अर्घ्य दिलं, आरती झाली, ती नेहमीपेक्षा जलद झाली. रघुनाथराव दोन घास वरणभात खाऊन गोळी घेऊन बसले, आणि फोन पुढ्यात ओढला. टिक मिरजेवर आणली. घड्याळ मात्र हातातून काढलं नाही, हे काकूंनी नीट पाहिलं.

"काढायचं नसेल तर राहू दे," त्या मोदकावर तूप सोडत म्हणाल्या. "पण वाटणी करून टाका. जिवती बंद करा."

रघुनाथरावांनी सणांची पानं सरकवली. एकेका सणापुढं एक बटण होतं. "केली बंद."

"मंगळागौर. हरतालिका. वटपौर्णिमा."

"बंद. ऋषिपंचमी?"

"ती काय तुम्ही करणार आहात?"

"बंद. एकादशी तरी राहू दे की, दोघांची आहे."

"साबुदाणा कोण भिजवतं?"

"बंद." त्यांनी अंगठा उचलला. "संकष्टी?"

काकूंनी नुसतं त्यांच्याकडं पाहिलं. तीही बंद झाली.

"मग याच्यात उरलं काय गं?"

"किती वाजले ते सांगतंय की. घड्याळच आहे ना ते?"

रघुनाथराव खाली खाली सरकवत दिवाळीपर्यंत पोहोचले. "पाडवा? हा पण बंद करू?"

वाटीतला चमचा थांबला. काकूंनी विचार केला. गेल्या वर्षी ओवाळून झाल्यावर ताटात पडलेलं ते पाकीट त्यांना आठवलं. आतल्या नोटा त्यांच्याच कपाटातल्या होत्या.

"तो राहू दे," त्या म्हणाल्या. "आणि आदल्या दिवशी नको. चांगलं चार दिवस आधी वाजू दे. सराफाकडं गर्दी असते."