झरेवाडीचं नाव

"तुम्हाला वाडी कशाला? नगर घ्या. नगर भारी वाटतं."

भरल्या ग्रामसभेत भाऊ असं म्हणाले. भाऊ म्हणजे जुन्या खोतांचे नातू, आंब्याचे बागायतदार. लोक हसले. आमच्या वस्तीचं जातीवरचं नाव बदलायचं होतं, सरकारी आदेश होता. नवं नाव भाऊंनी घरूनच ठरवून आणलं. आनंदनगर. आम्हाला कुणी विचारलंच नाही.

मी उभी राहिले. म्हटलं, "आमचं नाव झरेवाडी."

"झरा हाय तुमच्याकडं? झरा माझ्या बागेत. वाडी म्हणजे बाग, ती पण माझी."

पुन्हा हशा. माझी कानशिलं तापली.

मी पालीजवळच्या शाळेत इतिहास शिकवते. पोरांना सांगते, पूर म्हणजे तटाआडचं ठाणं किंवा पेठ, राजाच्या आश्रयाने वाढलेली. आपलं राजापूर बघा. गाव म्हणजे स्वतःची शीव आणि ग्रामदेवी असलेली वसाहत. वाडी त्या गावातून फुटते. चार घरं रान तोडून पुढे सरकतात, भोवती कुंपण घालतात, आत घर आणि झाडं. तिला नाव पडतं कुळावरून, धंद्यावरून, नाहीतर पाण्यावरून. नगर म्हणजे पूर्वी मोठं शहर, आता कुठल्याही नव्या कॉलनीला चिकटवतात. धरणाने उठवलेली माणसं जुन्या गावाचं नाव बरोबर नेतात, हेही सांगते. आमचं नाव आमच्याबरोबर का आलं नाही, ते सांगायची वेळ आली की फळ्याकडे वळते.

लहानपणी आईबरोबर भाऊंच्या बागेत काजू वेचायला जायची. झाडांखाली जांभ्याची जोती होती, ओळीने. एकावर चुलीचे तीन दगड तसेच. मी त्यावर बसले तर आई ओरडली, "ऊठ गो! आज्याचं घर हाय तं!"

आज्यांच्या काळात खोताला झऱ्याकाठची जमीन हवी होती. आमची माणसं पऱ्यापलीकडे, ओढ्याच्या त्या अंगाला, हाकलली. नाव बागेपाशी राहिलं, आमच्या कपाळी जात आली. आज आंब्याच्या पेट्यांवर छापलेलं असतं, झरेवाडी हापूस. त्या वाटेने गेले की अजून वाटतं, जोत्यावरून कुणीतरी मला हाक मारतंय. मी भित्री नाही. पण थांबून मागे बघते.

सभेत मी बसले नाही.

"भाऊ, बागेभोवतीचा दगडी गडगा कुणी रचला?"

भाऊंनी सरपंचांकडे पाहिलं.

"आमच्या आज्यांनी. स्वतःच्या घरांभोवती. तेव्हा तिथे तुमचं आंब्याचं एक कलम नव्हतं."

"जुनं उकरू नको," भाऊ म्हणाले. आवाज खाली आला होता. आता कुणी हसलं नाही. सरपंचांनी ठराव पुढच्या सभेवर ढकलला.

पुढच्या सभेला मी आख्खी वस्ती आणणार आहे. म्हातारीकोतारी चालत येतील, नाहीतर उचलून आणीन. एकेकाला त्याच्या आज्याचं जोतं कुठे आहे ते बोलायला लावीन. तरीही आनंदनगरची पाटी लागली, तर ती मी दिवसाढवळ्या, सगळ्यांसमोर उपटीन. पुन्हा लावली तर पुन्हा उपटीन.