दोन वर्षांतली दोनशे चौदा कामं

पगारवाढ मागायला लाजू नये असं सगळेच सांगतात. मागताना मी लाजलोही नाही. मिळाली तेव्हा मात्र तोंड लपवायला जागा उरली नाही.

गोष्ट आमच्या डॉक्टरची आहे, माझी नाही. पण मला टाळून ती सांगता येत नाही, त्याला इलाज नाही. डॉक्टर म्हणजे आमच्या धुलाई कारखान्यातला फिटर. दवाखान्यांच्या आणि हॉटेलांच्या चादरी आमच्याकडे धुवायला येतात, आणि यंत्रं दिवसभर घरघरत असतात. एखादं यंत्र कुरकुरलं की हा लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक त्याच्या अंगावर टेकवायचा, मूठ कानाला लावायचा आणि डोळे मिटून उभा राहायचा. मग म्हणायचा, "डावीकडचं बेअरिंग. चार दिवस काढेल, पाचव्या दिवशी मान टाकेल." पाचव्या दिवशी ते मान टाकायचंच. म्हणून डॉक्टर. वय साठीला टेकलेलं, बोटं कायम काळी, आणि कागद दिसला की अंगावर पाल पडल्यासारखा चेहरा.

कागद माझ्याकडे. सुटे भाग मागवायचे, तपासणीचं वेळापत्रक लावायचं, झालेल्या दुरुस्तीची नोंद करायची, हे माझं काम. आधी वही होती, तेव्हा "काम कोणी केलं" या रकान्यात मी त्याचं नाव लिहायचो. मग वही गेली आणि कॉम्प्युटर आला. तिथे ज्याच्या पासवर्डने नोंद होते त्याचं नाव त्या रकान्यात आपोआप बसतं. डॉक्टरलाही पासवर्ड मिळणार होता. "मला कशाला ती भानगड? तू आहेस ना," असं म्हणून त्याने तो घेतलाच नाही. तो हात पुसत येऊन सांगायचा, मी टाइप करायचो. रकाना कोणाचं नाव भरतोय हे मला पहिल्या आठवड्यातच दिसलं होतं. करू दुरुस्त सवडीने, असं म्हणालो, आणि ती सवड दोन वर्षं सापडली नाही.

माझा पगार तीन वर्षं जागचा हलला नव्हता. मॅनेजर मॅडमना तोंडी विचारलं तर त्या म्हणाल्या, "लेखी द्या. किती वर्षं झाली, घरी किती अडचण आहे, हे नको. तुमच्यामुळे काय सुधारलं ते लिहा आणि पुरावा जोडा. मला वर उत्तर द्यावं लागतं."

रास्त बोलणं होतं. सुट्टीच्या दिवशी मी पत्र लिहायला बसलो. माझ्या हक्काचे मुद्दे दोन होते. सुट्या भागांची यादी मी लावल्यापासून एखाद्या पट्ट्यासाठी यंत्र दोन-दोन दिवस बंद राहत नव्हतं, आणि तपासणीचं वेळापत्रक मी बनवलं होतं. दोन्ही खरे. पण कागदावर उतरले तेव्हा अगदीच किडमिडीत दिसले. म्हणून मी कॉम्प्युटरमधून अहवाल काढला. दोन वर्षांत दोनशे चौदा दुरुस्त्या. बाहेरचा मेकॅनिक आधी वर्षाला एकतीस वेळा यायचा, तो नऊवर आला. आणि प्रत्येक ओळीपुढे माझं नाव.

ते नाव मी लिहिलं नव्हतं, यंत्राने लिहिलं होतं, अशी मी स्वतःची समजूत घातली. पत्रात "मी दुरुस्त केले" असंही कुठे लिहिलं नाही. "सोबतचा अहवाल पाहावा" एवढंच लिहिलं. चोराच्या वकिलालाही सुचणार नाही अशी ही पळवाट. बायकोने पत्र वाचलं आणि म्हणाली, "अहो, एवढं सगळं तुम्ही करता? घरी तर कधी बोलला नाहीत." मी पाणी प्यायला उठलो.

आठवड्याने मॅडमनी बोलावलं. पत्रावर त्यांनी पेन्सिलीने खुणा केल्या होत्या. खातरजमा करायची म्हणून त्यांनी डॉक्टरलाही वर बोलावलं. तो दाराशीच उभा राहिला, लादी खराब होईल म्हणून.

"मोठ्या इस्त्रीच्या रोलरचं काम यांनी केलं का?" मॅडमनी विचारलं.

डॉक्टरने माझ्याकडे पाहिलं. फार नाही, एक श्वास घेण्यापुरतं. त्या एका श्वासात त्याला सगळं कळलं आणि त्याला कळलंय हे मला कळलं.

"नोंद याचीच आहे, मॅडम," तो म्हणाला. "हा नसता तर माझं एक काम पुढे सरकलं नसतं."

मी टेबलावरच्या पेपरवेटकडे बघत राहिलो. जीभ होती, पण उचलली नाही. पंधरा दिवसांत पगारवाढीचं पत्र हातात आलं. बायकोने शेजारी सांगून टाकलं.

खरी चपराक पुढे बसली. डॉक्टर कंत्राटावर होता. दर वर्षी त्याचं कंत्राट नवं व्हायचं, आणि ती वेळ आली होती. एक दिवस पाळी संपल्यावर तो माझ्या टेबलाशी आला आणि खुर्चीवर वर्तमानपत्र अंथरून बसला.

"मॅडमनी तुझा अहवाल पाहिला. म्हणतात, माझ्या नावावर दोन वर्षांत एकही काम दिसत नाही. काय केलं ते लिहून द्या, मग कंत्राटाचं बघू. तूच लिही बाबा. तुझं कसं झकास झालं!"

यात टोमणा असता तर मला बरं वाटलं असतं. नव्हता. मी कोरं पान घेतलं.

"सांगा," म्हणालो.

"रोलरचं बेअरिंग," तो म्हणाला आणि थांबला. "ते तुझ्या पत्रात आहे का?"

"आहे."

"मग सोड. उगाच दोन्हीकडे नको, तुझं अडकेल. तिसऱ्या धुलाई यंत्राचा पंप?"

"तोही आहे."

"बरं. ड्रायरचा पंखा?"

मी मान हलवली. तो विचारात पडला. काळं बोट कपाळावर घासून तिथे डाग पाडला. चाळीस वर्षं राबलेला माणूस माझ्यासमोर बसून, माझ्या हातून चुकून राहिलेलं असं आपलं एखादं काम शोधत होता.

"हां!" शेवटी त्याचा चेहरा उजळला. "सकाळी आल्या आल्या मी प्रत्येक यंत्राला हात लावून बघतो. कोण गरम आहे, कोण थरथरतंय. ते कुठे नोंदलेलं नाही. ते लिही. ते तुझ्यात नसेल."

मला शरमेने मेल्यासारखं झालं. "उद्या देतो," एवढंच बोलून त्याला घरी पाठवलं आणि तो अहवाल पुन्हा काढला. दोनशे चौदा ओळी एकेक करून वाचल्या. ज्यात माझा हात यंत्राला लागला होता अशा सहा निघाल्या. त्यातल्या दोन म्हणजे दिवे बदलणं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मॅडमसमोर दोन कागद ठेवले. एक डॉक्टरचा, दोनशे आठ कामांचा, आणि शेवटी हात लावून बघण्याचं कलम. दुसरा माझा. अहवालातलं नाव पासवर्डमुळे आलेलं आहे, हे मला पगारवाढ मागतानाच ठाऊक होतं, आणि माझी पगारवाढ थांबवावी, असं त्यात लिहिलं होतं.

मॅडमनी दोन्ही कागद सावकाश वाचले. डॉक्टरच्या कागदावर सही करून तो बाजूला ठेवला. "यांचं कंत्राट आजच पुढे पाठवते," म्हणाल्या. मग चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं.

"त्या दिवशी ते इथे दारात उभे होते. तेव्हा का नाही बोललात?"

घरून निघताना मी बरीच उत्तरं तयार करून आणली होती. कॉम्प्युटरचा दोष, सवड न मिळणं, आणखी काय काय.

"पगार वाढवून हवा होता, मॅडम," मी म्हणालो.