एका दिवसाचा दाजी

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला मी नगरच्या एका वर्तमानपत्रात होतो. श्रावणातल्या एका रविवारी रंधा धबधबा आणि भंडारदरा पाहायला एसटीने राजूरला उतरलो. पुढची एसटी दोन तासांनी होती. स्टँडबाहेर एकाच तरुणाकडे मोटारसायकल होती, नगरला लष्कराच्या लिलावात घेतलेली.

"आधी रंधा, मग धरण. तिथं दोन तास थांबून परत. बारा रुपये," तो म्हणाला.

"दहा. आणि हेल्मेट मी घालणार."

हेल्मेट एकच होते, तेही लिलावातलेच. त्याने ते छातीशी धरले. "ते माझं हाय, सायेब."

"मग हेल्मेटशिवाय आठ."

शेवटी दहावर तयार होऊन त्याने हेल्मेट दिले आणि स्वतःची एक अटही घातली. गाडी खासगी होती. भाड्याने माणूस नेताना सापडली तर जप्त झाली असती. "कुनी इचारलं तर तुमी माझं दाजी. पैशे परत आल्यावर."

आम्ही धबधबा पाहिला, धरण पाहिले. परत निघताना धरणाच्या फाटकावरच्या हवालदाराने हात केला.

"कोण रं हे?"

"दाजी हायेत."

"तुझी एकच बहीण. ती चौथीत हाय."

"चुलत बहिणीचं मालक."

हवालदाराने मला न्याहाळले. मी हेल्मेटचा पट्टा चाचपत राहिलो. बातमीदाराला खोटे बोलणे जड जाते असे नाही. चुलत बहिणीचे नाव विचारले असते तर मला सांगता आले नसते. तरुणाचा हात गाडीच्या टाकीवर होता.

"हेल्मेट कुणाचं?"

"माझंच. दाजींना दिलं."

"आणि तू उघड्या डोक्यानं?" हवालदार विचारात पडला. "गिऱ्हाईकाला कोण आपलं हेल्मेट देतंय? दाजीच असणार." मग माझ्या डोक्यावरून त्याने ते अलगद उतरवले आणि स्वतः घातले. "मला बी राजूरला जायचंय. मी गावचा, म्हंजे चुलताच. दाजी घरचंच हायेत, येतील मागनं यष्टीनं. रागावनार न्हाईत. व्हय ना, दाजी?"

"नाही रागावणार," मी म्हणालो.

चुलता मागे बसला. गाडी सुरू करताना तरुणाने माझ्याकडे एकदाच पाहिले.

संध्याकाळी एसटीने राजूरला पोहोचलो तेव्हा तो स्टँडबाहेर हेल्मेट मांडीवर घेऊन बसला होता. परतीचा प्रवास मी तिकीट काढून केला होता. पाच रुपये दिले असते तरी त्याला बोलता आले नसते. मी दहाची नोट काढली.

त्याने हात पुढे केला नाही. समोर चहाच्या टपरीवर हवालदार बशीत चहा ओतत होता.

"हातात नगं, दाजी," तरुण म्हणाला आणि हेल्मेट उलटे करून पुढे धरले. "यात टाका."