हलकं होईपर्यंत

माझं काम मी कुणाला सांगितलं की लोक आधी विचारतात, म्हणजे तुम्ही विमान चालवता का. नाही. मी विमान जमिनीवरून पाठवते. ते कुठल्या वाटेनं जाईल, किती उंचीवरून जाईल, किती इंधन घेईल हे ठरवून कागदावर सही करते, कॅप्टनही सही करतो, आणि मग ते उतरेपर्यंत दोघांची जबाबदारी सारखीच. हे काम करणाऱ्याला डिस्पॅचर म्हणतात. लग्नानंतर नवऱ्याच्या व्हिसावर कितीतरी वर्षं अमेरिकेत, ईडन प्रेरीत घरी बसून होते. गॅस बंद केला का हे बघायला अर्ध्या रस्त्यातून परत येणारी बाई मी. नवरा म्हणायचा, तुझ्या काळजीचा कुणी पगार दिला तर आपण श्रीमंत होऊ. वर्क परमिट हातात आल्यावर मी ती नोकरी शोधूनच काढली.

आमची कंपनी फक्त माल वाहते. ऑफिसला खिडक्या नाहीत, त्यामुळे बाहेर बर्फ पडतोय की ऊन आहे हे आम्हाला जपानच्या हवेपेक्षा उशिरा कळतं. माझ्या समोरच्या डेस्कवर लोड प्लॅनिंग करणारा नागपूरचा एक मुलगा बसतो. मुलगा म्हणजे चाळिशीतला, पण मला ताई म्हणतो म्हणून मुलगा. विमानात कुठला माल कुठे ठेवायचा, एकूण वजन किती, हे तो बघतो. मी इंधन वाढवलं की त्याची गणितं बदलतात, त्यामुळे आमची रोजची कटकट ठरलेली.

त्या जानेवारीतल्या सकाळी शिकागोहून टोकियोला आमचं फ्लाइट होतं. माल नेहमीचाच, यंत्रांचे सुटे भाग वगैरे, आणि मागे खास कप्प्यात एक गाभण घोडी. केंटकीत विकली गेलेली, जपानमधल्या कुणा घोडेवाल्याकडे निघालेली. सोबत तिला सांभाळणारा एक माणूस. टोकियोला तिथल्या दुपारपर्यंत बर्फाचा अंदाज होता. बर्फ पडला की धावपट्टी साफ करायला बंद ठेवतात आणि वर विमानं घिरट्या घालत बसतात. कायद्यानं लागतं तेवढं राखीव इंधन होतंच. त्यावर मी आणखी वीस मिनिटांचं टाकलं.

"ताई, परत?" समोरून आवाज आला. "कम्प्युटर म्हणतोय पुरेसं आहे, यार. तुम्ही नुसतं हेवी करून ठेवता."

"टोकियोला बर्फ आहे."

"टोकियोला नेहमीच काहीतरी असतं तुमच्यासाठी."

चिडले मी, पण त्याचं पूर्ण चूक नव्हतं. लांबच्या फ्लाइटचं हेच त्रांगडं आहे. निघताना विमानाच्या वजनाचा मोठा हिस्सा इंधनाचाच असतो. जास्त उंचीवर हवा विरळ, तिथे कमी इंधनात जास्त अंतर कापलं जातं. पण त्याच विरळ हवेत जड विमान पेलायला पंख कमी पडतात. म्हणून ते आधी खालीच उडतं, तासन्‌तास इंधन जाळतं, हलकं होतं, दोन हजार फूट वर चढतं, पुन्हा जाळतं, पुन्हा चढतं. जिना चढावा तसं. मी वीस मिनिटांचं इंधन जास्त टाकलं म्हणजे प्रत्येक पायरी साधारण वीस मिनिटं उशिरा येणार, आणि त्यातलं बरंचसं इंधन हे इंधन वाहून नेण्यातच जळणार. काळजी फुकट मिळत नाही.

विमान वेळेवर निघालं. तीस हजार फुटांवर गेलं. तिथे बराच वेळ काढून बत्तीस, मग चौतीस, शेवटी छत्तीस असा माझा बेत होता. मी डबा उघडला, दोन घास खाल्ले, आणि सॅटेलाइट फोन वाजला.

कॅप्टन शांत माणूस होता. आम्ही कधी भेटलो नाही, पण आवाजावरून माणूस कळतो. त्या दिवशी तो एकेक शब्द तोलून बोलत होता. "आम्ही कॅनडावर आहोत. बरेच धक्के बसतायत. पुढच्या विमानांनी सांगितलंय की तीस आणि बत्तीस दोन्ही खराब आहेत, पुढे बराच पट्टा असाच आहे. चौतीसला हवा स्वच्छ आहे." मग म्हणाला, "घोडी लाथा मारतेय. निघाल्यापासून पाण्याला तोंड लावलेलं नाही."

घोड्यांबरोबर जाणाऱ्या माणसाकडे दोन प्रकारची इंजेक्शनं असतात, हे मला ही नोकरी लागल्यावर कळलं होतं. एक गुंगीचं. ते गाभण घोडीला हात राखूनच देतात. दुसरं, जनावर पूर्ण बिथरलं आणि कप्पा मोडून विमानालाच धोका झाला तर. ते दिलं की ती आणि पोटातलं, दोन्ही गेली. हे कॅप्टनला माहीत होतं, मला माहीत होतं, आणि दोघांनीही त्या दुसऱ्या इंजेक्शनाचं नाव काढलं नाही.

"गुंगीचं दिलंय का?"

"दिलंय. आणखी द्यायला तो तयार नाही." मग त्यानं खरा प्रश्न विचारला. "कंट्रोलर चौतीस आत्ता द्यायला तयार आहे. नाही घेतलं तर मागचं विमान ती जागा घेईल, मग कधी मिळेल सांगता येत नाही. माझा कम्प्युटर म्हणतो आम्ही थोडेसेच जड आहोत. तुझा काय म्हणतो?"

मी डबा बाजूला सारला. मी आकडे टाकले. तेवढ्या वजनाला चौतीस बसत नव्हतं. थोडक्यात बसत नव्हतं, पण बसत नव्हतं. त्या उंचीवर जड विमान जरा मंद झालं तर पंखांची पकड सुटायला लागते, जरा वेग वाढला तरी ते थरथरायला लागतं, आणि या दोहोंच्या मधली वाट अगदी अरुंद उरते. शांत हवेत ती कशीबशी चालता येईल. पण स्वच्छ हवेपर्यंत पोचायला धक्क्यांमधूनच चढायचं होतं, आणि एक जोरदार धक्का ती वाटच खाऊन टाकतो. माझं वीस मिनिटांचं इंधन टाकीत नसतं तर? मग कदाचित बसलंही असतं.

समोरचा उठून माझ्या स्क्रीनपाशी येऊन उभा राहिला होता. त्यानं आकडे वाचले.

"वर नाही," मी कॅप्टनला म्हणाले. "मी हो म्हणणार नाही."

"मीही म्हणणार नव्हतो," तो म्हणाला. "पण कुणीतरी मोठ्यानं म्हणायला हवं होतं. मग काय, हलकं व्हायची वाट बघू? मागे तो माणूस तिचं डोकं धरून उभा आहे."

हलकं व्हायची वाट म्हणजे आणखी काही तास. इंधन हवेत सोडून द्यायचं म्हटलं तर टोकियो गाठता आलं नसतं. अलास्कात अँकरेजला उतरायचं तर त्याच धक्क्यांतून उतरायचं, मग कडाक्याच्या थंडीत दारं उघडायची आणि तिला पुन्हा सगळं सोसायला लावायचं. मी हवेचे अहवाल पुन्हा काढले. सगळे वरच बघत बसल्यामुळे खाली कुणी बघितलंच नव्हतं. अठ्ठावीस आणि त्याखालून जाणारे सगळे वैमानिक लिहीत होते, हवा शांत.

"कंट्रोलरकडे अठ्ठावीस मागून बघा," मी म्हणाले.

थोड्या वेळानं उत्तर आलं, अठ्ठावीसवर दुसरं विमान आहे, सव्वीस मिळेल. सव्वीस म्हणजे फार खाली. दाट हवेत इंजिनं भसाभसा इंधन खाणार. पट्टा संपेपर्यंत तिथं राहायचं तर किती जास्त जळेल ते मी काढलं. उत्तर बघून मी पुन्हा काढलं. जवळजवळ माझी वीस मिनिटं. सगळीच्या सगळी.

म्हणजे बर्फासाठी जपून ठेवलेलं मी आता घोडीवर घालवणार होते. कायद्याचं राखीव राहील, त्याला हात लागणार नाही. पण टोकियोला धावपट्टी बंद झाली तर माझ्या मनासारखं हाताशी काही उरणार नव्हतं.

"सव्वीस घ्या," मी म्हणाले. "जास्तीचं आहे टाकीत. ते वापरा. अलास्का ओलांडताना आपण पुन्हा हिशेब करू. कमी पडत असलं तर तेव्हा उतरू."

"ते जास्तीचं तू टाकलंस?"

"हो."

"बरं केलंस," तो म्हणाला आणि फोन ठेवला.

मी स्क्रीनवरचा तो ठिपका बघत बसले. उंचीचा आकडा उतरत गेला आणि सव्वीसवर थांबला. समोरच्यानं न विचारता मला चहा आणून दिला, मशीनचा, भयंकर. "आता खाली जास्त जळतंय म्हणजे लवकर हलकं पण होईल ना, ताई," तो म्हणाला. मला धीर देत होता, आणि खरंही होतं. मग कॅप्टनचा संदेश आला: हवा शांत. घोडी उभी आहे, लाथा थांबल्या. पाणी पीत नाही.

दर तासाला मी तेच वाचत होते. पाणी पीत नाही. घोडा घाबरला की पाणी पीत नाही, आणि लांबच्या प्रवासात पाणी न प्यायलेला घोडा पोटाच्या दुखण्यानं मरतो. एकदाचा पट्टा संपला, विमान बत्तीसवर गेलं, अलास्कापाशी आम्ही पुन्हा हिशेब केला, पुरत होतं, जेमतेम. मग चौतीस. ज्या पायरीसाठी सकाळी जीव टांगणीला लागला होता, ती त्यानं सहज घेतली.

माझी पाळी दुपारी संपली. विमान अजून समुद्रावर होतं. नियमानं ते पुढच्या माणसाच्या हवाली करून उठावं लागतं. मी त्याला सगळं सांगितलं, दोनदा सांगितलं, तिसऱ्यांदा सांगायला लागले तेव्हा तो हसला. घरी जाताना हायवेवर माझं एक वळण चुकलं.

संध्याकाळी कणीक मळत होते तेव्हा फोन आला. नागपूरचा होता. त्याचीही पाळी कधीच संपली होती, पण तो ऑफिसातच थांबला होता.

"ताई, उतरलं. स्नो होताच. धावपट्टी बंद होती, वर घिरट्या घालत थोडं होल्ड करावं लागलं. पण पुढे वाऱ्यानं थोडं वाचवलं होतं, लीगल रिझर्व्हला हात लागला नाही."

"आणि माझं?"

"तुमचं तिकडेच संपलं होतं, कॅनडावर."

"घोडी?"

पलीकडून कीबोर्डचा आवाज आला.

"आत्ताच मेसेज आला. विमान थांबल्यावर पूर्ण बादली प्यायली, म्हणे. दुसरी मागतेय."

मी कणकेच्या हातांनीच फोन धरला होता. रडायला आलं आणि मी रडले. नवरा स्वयंपाकघरात आला, काय झालं विचारलं, आणि मी सांगितल्यावर पहिल्यांदाच पगाराचा विनोद न करता उरलेली कणीक मळायला लागला.

फोन अजून चालूच होता. "ताई," तो म्हणाला, "उद्याच्या टोकियोला तुमचं जास्तीचं किती धरू? मी लोड त्याप्रमाणे लावतो."