ताईचे बांधलेले हात
गेल्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी अकराला, दिग्रसच्या एका दवाखान्यात माझ्या बहिऱ्या ताईला गप्प केलं गेलं. स्पिरिटचा वास आला की अजून तेच दिसतं. नर्सच्या तोंडावर मास्क, म्हणून ताईला ओठ वाचता येईनात. ती हातांनी सांगत होती, सलाइनची सुई सरकलीय, आग होतेय. “लय हात हालवून राह्यली, सुई निघून जाईन,” म्हणत नर्सनं दोन्ही मनगटं पट्ट्यांनी खाटेला बांधली. मी पोचलो तेव्हा वॉर्डाच्या दाराच्या काचेपलीकडे तिची बोटं तेवढी वळवळत होती. मला वाटलं, घाबरली असेल. “समजाव तिले,” बाहेर येत नर्स म्हणाली, अन् मीही बाहेरूनच खूण केली, ‘शांत राह.’ तासाभरानं पट्ट्या सोडल्या. सुईचा हात कोपरापर्यंत फुगून थंड पडला होता. दुसऱ्या हातानं ताईनं मला विचारलं, ‘तुले तर माही भाषा येते ना?’ बहिऱ्या माणसाचे हात बांधलेले दिसले, तर काचेबाहेर उभे राहू नका. आत जा, ते सोडायला लावा.