पडदा ओढणारा

आळेफाट्याला वेल्डिंग करणारा तो अबोल माणूस आमच्या हौशी नाटकाचा पडदा ओढायचा. नाटकात राजा संशयाने मुलाला मारतो, सत्य कळताच स्वतःही मरतो आणि पुतण्या गादीवर बसतो.

मी दिग्दर्शक. तालमीत म्हणालो, "राज्याची घडी बसली. प्रेक्षक हलक्या मनाने घरी जातील."

"गादी भरली राव," तो म्हणाला. "पण त्या पोराच्या आईला रडूच दिलं न्हाई. मन हलकं कसं व्हईल?"

प्रयोगात शेवटची तुतारी वाजली, तरी त्याने पडदा ओढला नाही. राणी गोंधळली, मग मुलाच्या प्रेताशी बसून रडली. प्रेक्षकांतही हुंदके फुटले. ते ओसरल्यावरच त्याने पडदा ओढला.

लोक बोलत घरी गेले. तो रिकाम्या खुर्च्यांत एकटाच बसला होता.

"जमला ना शेवट?" मी विचारलं.

"त्यांचा जमला," तो म्हणाला. "माझं रडायचं ऱ्हायलंच."