दर्शनी गादी

ऐंशी-पंच्याऐंशीच्या सुमाराची गोष्ट. घाटकोपरच्या एका साडीच्या दुकानात दर्शनी गादीवर एक गोरीपान मुलगी साड्या खांद्यावर टाकून दाखवायची. मी साखरपुड्याची साडी घ्यायला गेले होते. तिच्यावर प्रत्येक साडी झकास दिसे. तीच मी आरशासमोर धरली की माझा काळा रंग आणखी काळा वाटे. शेवटी आई म्हणाली, "चल गं, राहू दे."

तेवढ्यात मागे घड्या घालत बसलेली बाई उठली. माझ्यासारखीच काळी, वर चेहराभर देवीचे व्रण. तिनं एक मोरपंखी साडी स्वतःच्या खांद्यावर टाकली, पदर सोडला, आणि मला पहिल्यांदा माझी साडी दिसली.

"तू मागे बस," शेठ खेकसला.

"का, शेठ? त्या गोऱ्या पोरीवर गोणपाटपण खुलेल. रूप नशिबानं मिळतं. त्यात तिची कमाई नाही आणि माझा गुन्हा नाही. मला दया नको. फक्त पुढं बसू द्या."

शेठ तोंड उघडणार, तोच शेजारची एक गिऱ्हाईक बाई म्हणाली, "ओ ताई, ती जांभळीपण लावून दाखवा ना!"

पुढच्या दिवाळीला गेले, तर दर्शनी गादीवर ती घड्या घालणारी बाईच होती. समोर बायकांची ही गर्दी! मी खुशाल ताटकळत उभी राहिले.